‘जवळजवळ फुकट’ या विशेषणाची तपासणी

अर्नाळ्याहून पूर्वेस विरारकडे गेले असता ज्या भागात मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे एक स्थानक योजिले आहे, त्या प्रकल्पाविषयीच्या लेखनात ‘जवळजवळ फुकट पैसा’ हा शब्दप्रयोग 2017 पासून रूढ झाला. त्या वेळच्या 1,08,000 कोटी रुपयांच्या अंदाजापैकी सुमारे 88,000 कोटींचे जपानी कर्ज, व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षे, त्यांतील पहिली 15 वर्षे मुद्दलफेड नाही. येथे विशेषण कर्जाचे आहे. वाचकाच्या मनात मात्र ते प्रकल्पाला जाऊन चिकटते.

समायोजित वर्तमान मूल्याची पद्धत हीच गल्लत टाळते. ती प्रथम प्रकल्प कर्जाविनाच उभा आहे असे मानून त्याचे मूल्य काढते. नंतर कर्जसवलतीचे व व्याजामुळे होणाऱ्या करबचतीचे मूल्य स्वतंत्रपणे मिळविते. प्रवासी कमी आले किंवा भूसंपादन लांबले, तर पहिली रक्कम घटते, तिला 0.1 टक्क्याचा काहीच आधार नसतो.

आता 100 येनांचे कर्ज घेऊ. सोळाव्या वर्षापासून 35 समान वार्षिक हप्त्यांत मुद्दल फेडावयाचे आणि येनमधील बाजारी व्याजदर 2 टक्के, असे गृहीत धरू. मुद्दलफेडीचे आजचे मूल्य सुमारे 53.1 येन, व्याजाचे अवघे 2.3, म्हणून सवलत साधारण 44.6 येनांची. पुष्कळजण हेच हप्ते रुपयाच्या 8 टक्के दराने वटवितात आणि सवलत सुमारे 88 काढतात. येनचे देणे रुपयाच्या दराने मोजणे म्हणजे येन पुढे महागणारच नाही असे गुपचूप गृहीत धरणे होय. एका भाषेचे व्याकरण दुसरीस लावण्याचाच हा प्रकार, आणि तो तितकाच निःशंकपणे केला जातो.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. कराचा दर 25 टक्के धरल्यास करबचत प्रत्यक्ष दिलेल्या व्याजावर, म्हणजे 0.6 येनांच्या आसपास, होते. ती 2 टक्के व्याजावर मोजली तर 11.7 भरते. परंतु न दिलेल्या व्याजाचा लाभ सवलतीत आधीच आलेला आहे. त्याच व्याजावर करही वाचला, असे म्हणता येत नाही. शिवाय कंपनीस करपात्र नफा झाला नाही, तर त्या वर्षी 0.6 मधील वाटाही हाती येत नाही, तो पुढे ढकलला जातो.

आणखी एक प्रश्न उरतो: हे मूल्य कोणाचे? कंपनीच्या भागभांडवलात केंद्राचा वाटा निम्मा, महाराष्ट्र व गुजरात यांचा प्रत्येकी चौथाई. कंपनीचा वाचलेला कर हा सरकारी तिजोरीत न आलेला कर असतो. कंपनीच्या दृष्टीने ती बेरीज खरी. सार्वजनिक तिजोरीच्या दृष्टीने ती बव्हंशी एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली रक्कम. सवलतीचे तसे नाही. ती परदेशी धनको सोसतो, मग तिच्या मोबदल्यात यंत्रसामग्री कोठून व कोणत्या किमतीस घ्यावी लागते, हे पाहावे लागते. तो जादा खर्च पहिल्या रकमेत, प्रकल्पाच्या मूळ मूल्यात, धरावयाचा असतो. ‘फुकट’ म्हणणाऱ्यांच्या लेखनात त्याचा हिशेब क्वचितच आढळतो.