पुनर्रचनेचे पत्र : आश्वासनाची भाषा आणि तिची मर्यादा
(चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक चिकित्सा)

कंपनीची पुनर्रचना जाहीर करणारे ई-मेल हा अलीकडच्या काळात रूढ झालेला एक लेखनप्रकार आहे. त्याचा आकार लहान असतो, वाचक मात्र अत्यंत सावध असतो. सत्य सांगणे, धीर देणे आणि पाळता न येणारे वचन टाळणे अशी तिहेरी अपेक्षा या पत्राकडून केली जाते. पहिल्या दोन अपेक्षा परस्परविरोधी असल्याचा समज व्यवस्थापनात दृढ आहे. सत्य सांगितले तर धीर खचेल आणि धीर द्यायचा तर सत्य थोडे झाकावे लागेल, अशी त्यामागची धारणा असते. चंद्रपूर जिल्ह्यात घडलेली एक मोठी पुनर्रचना या धारणेची परीक्षा घेण्यास उपयुक्त ठरते.

६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन अमलात आले. १९६० पासून एकसंध असलेल्या मंडळाच्या जागी सूत्रधारी कंपनीसह महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या उभ्या राहिल्या. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र महानिर्मितीकडे गेले, तर गडचिरोलीच्या जंगलातील गावांपर्यंत वीज पोहोचविणाऱ्या वाहिन्या व तेथील तंत्रज्ञ महावितरणकडे आले. ऊर्जानगरच्या वसाहतीतील कर्मचारी आदल्या दिवशी ज्या पाळीवर होता त्याच पाळीवर दुसऱ्या दिवशी गेला, परंतु त्याचा मालक बदललेला होता. ही बातमी त्याला कायदा, राजपत्र आणि परिपत्रक या मार्गांनी कळली. आज तिचे स्वरूप ई-मेलचे असते. माध्यम बदलले तरी वाचणाऱ्याच्या मनातील प्रश्न बदललेला नाही. तो प्रश्न असा की, माझे काय राहणार, काय जाणार आणि हे कोण सांगत आहे?

या प्रश्नाचे त्या काळातील सर्वांत नेमके उत्तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३३ मध्ये सापडते. हस्तांतरण योजनेनुसार कर्मचारी नव्या कंपनीकडे गेल्यावर त्याच्या सेवाशर्ती योजनेप्रमाणे ठरतील, असे हे कलम सांगते. त्याला जोडलेल्या परंतुकाचा आशय असा की, हस्तांतरण झालेच नसते तर ज्या सेवाशर्ती लागू राहिल्या असत्या त्यांच्यापेक्षा नव्या शर्ती कोणत्याही प्रकारे कमी हितकारक असणार नाहीत. परंतुक ही कायद्यातील रूक्ष गोष्ट. तिच्याकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहण्याचा प्रघात नाही. तरीही आश्वासनाचे वाक्य म्हणून ते उत्तम आहे. त्यात तुलनेचा आधार दिलेला आहे, वचन मोडले गेले की नाही हे तपासता येते आणि वचनामागे विधिमंडळाने नव्हे तर संसदेने केलेला कायदा उभा आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे वाक्य काय सांगत नाही. संच चालू राहतील, बदली होणार नाही, बढतीच्या संधी तितक्याच राहतील किंवा कंपनीची मालकी कायम राहील, यांपैकी कशाचेही वचन त्यात नाही. शिवाय लगतच्या कलम १३४ मध्ये कटू भागही स्पष्ट केला आहे. केवळ हस्तांतरण झाले या कारणावरून, योजनेत तरतूद असल्याखेरीज, कर्मचाऱ्याला नुकसानभरपाई मागता येणार नाही. दिलासा आणि नकार अशा रीतीने शेजारी उभे आहेत आणि एकाच्या आड दुसऱ्याला लपविण्याचा प्रयत्न नाही.

ही मर्यादा किती मोलाची होती हे पुढील घटनांवरून दिसते. २००५ मध्ये चंद्रपूर केंद्रात २१० मेगावॅटचे चार व ५०० मेगावॅटचे तीन संच होते. एकूण क्षमता २३४० मेगावॅट. पुढे ५०० मेगावॅटचे आणखी दोन संच आले आणि २१० मेगावॅटचे दोन जुने संच कायमचे बंद झाले. त्यामुळे आजची क्षमता २९२० मेगावॅट आहे. समजा, २००५ मध्ये एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने जुन्या संचावरील तंत्रज्ञाला ‘तुमचा संच आहे तसाच सुरू राहील’ असे लिहून दिले असते. त्या दिवशी ते वाक्य प्रामाणिक हेतूने लिहिलेले असते, तरीही ते पुढे खोटे ठरले असते. ‘तुमच्या सेवाशर्ती हस्तांतरणामुळे खालावणार नाहीत’ हे वाक्य मात्र संच बंद झाल्यावरही खोटे ठरत नाही. पहिल्या वाक्यात यंत्राचे भवितव्य गृहीत धरलेले आहे आणि ते लिहिणाऱ्याच्या हाती नाही. दुसऱ्यात केवळ हाती असलेली गोष्ट आहे.

मालकीचा प्रश्न तर कलमाबाहेरच राहिला होता आणि तो पुढे उभा राहिलाच. जानेवारी २०२३ मध्ये खासगीकरणाच्या भीतीने याच तिन्ही कंपन्यांतील कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला. शासनाने खासगीकरण करण्याचा विचार नसल्याचे सांगितल्यावर तो त्याच दिवशी मागे घेण्यात आला. कायद्याचे संरक्षण आणि शासनाचे आश्वासन या दोन वेगळ्या प्रतीच्या गोष्टी आहेत. पहिली न्यायालयात मांडता येते, दुसरीची मुदत राजकीय इच्छेइतकी. पुनर्रचनेच्या पत्रात या दोहोंना एकाच सुरात बसविणे ही फसवणूक नसली तरी फसगतीची सुरुवात नक्कीच असते.

खासगी क्षेत्रातील दोन गाजलेली पत्रे या कसोटीवर पाहण्यासारखी आहेत. १७ जुलै २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने १८,००० पर्यंत पदे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांपैकी सुमारे १२,५०० पदे नोकियाकडून आलेल्या विभागातील होती. त्या विभागाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांचे कर्मचाऱ्यांना लिहिलेले पत्र नमस्काराच्या हलक्याफुलक्या शब्दांनी सुरू होते आणि उत्पादनांच्या धोरणाविषयी परिच्छेदांमागून परिच्छेद बोलत राहते. कपातीचा आकडा वाचकाला बऱ्याच खाली, धोरणाचा एक परिणाम म्हणून भेटतो. पत्रात असत्य नाही. परंतु ज्याची नोकरी जाणार आहे त्याला ती बातमी फोनच्या किमतीच्या चर्चेनंतर वाचावी लागते. सत्याचा क्रम हाही सत्याचाच भाग असतो, हे या पत्राच्या लेखकाने लक्षात घेतलेले दिसत नाही.

याउलट ५ मे २०२० रोजी एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की यांनी साथीच्या काळात लिहिलेले पत्र आरंभीच दुःखद बातमी असल्याचे सांगते. ७,५०० पैकी सुमारे १,९०० जण जाणार, हा आकडा ते दडवत नाही. प्रवासाचा व्यवसाय केव्हा सावरेल हे ठाऊक नाही, अशी कबुलीही त्यात आहे. अमेरिकेतील कर्मचाऱ्यांना १४ आठवड्यांचे मूळ वेतन, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे आणखी एक आठवडा आणि १२ महिन्यांचा आरोग्यविमा, असा हिशेब पुढे येतो. या पत्रात जिव्हाळ्याचे शब्दही पुष्कळ आहेत आणि काही ठिकाणी ते जास्त झाले आहेत. मात्र धीर मिळतो तो आठवडे मोजून दिल्यामुळे. ‘आम्हाला ठाऊक नाही’ हे विधान जवळच ठेवल्याने ठाऊक असलेल्या गोष्टींचे वजन वाढते.

अशी पत्रे मराठीत येतात तेव्हा एक वेगळीच अडचण उद्भवते. बहुतेक वेळा मूळ मसुदा इंग्रजी असतो आणि तेथील एकाच सर्वनामासाठी मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन पर्याय असतात. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. अनुवादक सौजन्य म्हणून ‘आपण काही कठोर निर्णय घेतले आहेत’ असे लिहितो आणि ज्याची पदावनती झाली त्यालाच निर्णयाचा भागीदार करून टाकतो. वाचणाऱ्याला हे तत्काळ खटकते. निर्णयासाठी ‘संचालक मंडळाने’ किंवा ‘आम्ही’ आणि प्रत्यक्ष मिळून करावयाच्या कामासाठीच ‘आपण’, एवढा विवेक पाळला तरी पत्राचा सूर बदलतो.

दुसरी अडचण कर्मणि प्रयोगाची. ‘समायोजन करण्यात येईल’, ‘योग्य ती कार्यवाही केली जाईल’ या कार्यालयीन वाक्यांना कर्ता नसतो आणि तारीखही नसते. ‘शक्यतो’ आणि ‘यथावकाश’ हे शब्द तर वचनाचा भास निर्माण करून वचन परत घेतात. ‘कोणाचेही नुकसान होऊ देणार नाही’ हे त्यांतील सर्वांत धोकादायक वाक्य; ‘नुकसान’ म्हणजे काय हे न सांगता दिलेला शब्द प्रत्येक वाचक आपापल्या गरजेप्रमाणे भरून घेतो.

उदाहरणादाखल, चंद्रपूरचे कार्यालय नागपूरला विलीन करणाऱ्या एका कल्पित कंपनीच्या पत्राचा मसुदा असा होऊ शकेल : ‘संचालक मंडळाने चंद्रपूर कार्यालय ३१ मार्चला बंद करण्याचे ठरविले आहे. तेथील ४० पैकी २६ पदे नागपूरला जातील, १४ पदे रद्द होतील. कोणाचे पद रद्द होणार हे त्या व्यक्तीला तिचे वरिष्ठ येत्या शुक्रवारपर्यंत समक्ष सांगतील. नागपूरला येणाऱ्यांचे मूळ वेतन व सेवाज्येष्ठता कायम राहील. गडचिरोलीच्या आगाराबाबत निर्णय झालेला नाही. तो ३० जूनपर्यंत कळवू. तोपर्यंत आगार सुरू राहील, त्यापुढचे आज सांगता येत नाही.’ या मसुद्यात ‘कुटुंब’ हा शब्द नाही आणि उज्ज्वल भवितव्यही नाही. गडचिरोलीच्या कर्मचाऱ्याला त्यातून तीन महिन्यांची खात्री मिळते. ती अपुरी आहे, पण त्या अवधीत मुलाची शाळा आणि भाड्याचे घर यांचा विचार त्याला करता येतो.

पत्र कोणाला उद्देशून आहे हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत विशेष गंभीर होतो. कलम १३३ चे संरक्षण मंडळाच्या अधिकारी व कर्मचाऱ्यांना होते; कंत्राटदाराकडून राखेच्या वा कोळशाच्या कामावर येणारा मजूर त्या व्याख्येत बसत नव्हता. आजच्या ई-मेलच्या यादीतही तो नसतो. ‘सर्व सहकाऱ्यांना’ या संबोधनाने सुरू होणारे पत्र अशा वेळी पहिल्याच शब्दात असत्य बोलते. ‘हे पत्र कंपनीच्या वेतनपटावरील कर्मचाऱ्यांसाठी आहे, कंत्राटी कामगारांच्या कराराची मुदत अमुक तारखेला संपते आणि तो वाढविण्याचा निर्णय झालेला नाही’ हे वाक्य बोचरे आहे, परंतु त्याविना पत्र अपूर्ण राहते. भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंचाच्या बाजूला दिवसभर वाहिनीवर असलेल्या तंत्रज्ञापर्यंत ई-मेल वेळेवर पोहोचेलच असे नाही. मुख्यालयातील लोकांना सकाळी कळलेली बातमी त्याला संध्याकाळी चहाच्या टपरीवर अर्धवट ऐकू येते. त्यामुळे तेच पत्र त्याच वेळी मराठीत सूचनाफलकावर लावणे आणि पाळी सुरू होण्यापूर्वी पर्यवेक्षकाने ते वाचून दाखविणे आवश्यक ठरते. वाचून दाखविताना पर्यवेक्षकाने स्वतःच्या पदरचे आश्वासन त्यात घालू नये, ही सूचनाही त्याला आधी लेखी द्यावी लागते.