नऊ माणसे आणि दार : एका वर्धापनदिनाच्या कवितेविषयी

आज आपल्यासमोर जी कविता आहे ती कुठल्या संग्रहात नाही. बेने इस्राएल समाजाच्या एका लहान प्रार्थनालयाच्या वर्धापनदिनासाठी ती लिहिली गेली, एका पानावर छापून वाटली गेली आणि कार्यक्रमात म्हटली गेली. अशा कविता आपण समीक्षेच्या बाहेर ठेवतो. 'प्रसंगापुरती आहे' म्हणतो आणि सोडून देतो. पण प्रसंगासाठी लिहिलेल्या कवितेला प्रसंगाचाच प्रश्न विचारता येतो: जे मागायला ती उभी राहिली, ते तिने नीट मागितले का?

कविता दिंडीत आहे. ओळीला एकोणीस मात्रा, नवावर यती. हे वृत्त आपल्या कानात कीर्तनातल्या आख्यानांमुळे बसलेले आहे. बेने इस्राएलांनीही एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने केली, त्यामुळे ही चाल त्यांना परकी नाही. दिंडीचा गुण असा, की ती गोष्ट सांगते. तिचा दोषही तोच: गोष्ट संपली की ती पोकळ वाजू लागते. या कवितेत नेमके तेच होते.

पहिली चार कडवी संस्थापकांची आहेत, आणि ती चांगली आहेत. कवी त्यांना 'महान' म्हणत नाही. घाण्याच्या तेलाचा वास, सुताराच्या हातावरचे घट्टे, शनिवारी थांबलेला घाणा, एवढेच दाखवतो. कोकणात या लोकांना 'शनवार तेली' म्हणत. धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी काम बंद. शेजाऱ्यांनी ठेवलेले हे नाव म्हणजे या समाजाच्या धर्मपालनाची नोंदच आहे. कवीने ते नाव अभिमानाने घेतले, हे बरे झाले.

पण एक खटकते. मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधले. हे दिवेकर कंपनीच्या फौजेतले अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर नवस फेडण्यासाठी त्यांनी ते बांधले, अशी परंपरा सांगते. कवी त्यांनाही 'गरीब सेवक' करून टाकतो. का? कारण अशा कवितेत सगळे संस्थापक नम्र असावे लागतात. एखाद्याकडे अधिकार होता, पैसा होता, हे सांगितल्याने त्याचे दान लहान होत नाही. उलट तो कोणाबरोबर येऊन बसला, हे मोठे होते. तेली आणि फौजी अधिकारी एका ओळीत बसले, हे खरे ऐक्य. सगळ्यांना सारखे गरीब केल्यावर ऐक्याला करायला काही कामच उरत नाही.

आता शेवटची तीन कडवी. 'ऐक्य चिरकाल नांदो' अशी देवाकडे मागणी. इथे शब्द एकदम मोठे होतात आणि वस्तू नाहीशा होतात. जरा इतिहास बघू. मुंबईत या समाजाची पुढे दुसरी प्रार्थनास्थळे उभी राहिली आणि लोक 'जुनी मशीद', 'नवी मशीद' असे म्हणू लागले. जुने असताना नवे का लागले? कधी वस्ती वाढते म्हणून, कधी माणसांचे पटत नाही म्हणून. मुकादम कोण, मान कोणाचा, तोरा उघडायला आज कोणाला बोलवायचे, असल्या गोष्टींवर कुठलीही प्रार्थनासभा फुटू शकते. सिद्धान्तावरून फुटणे त्यामानाने दुर्मिळ. कवी यातले काहीच घेत नाही. म्हणून त्याची मागणी कोणत्याही गणेश मंडळाला किंवा गृहनिर्माण सोसायटीला लावता येईल, आणि हीच तिची उणीव.

मात्र पाचवे कडवे मध्येच उभे आहे, आणि ते फार मोलाचे आहे. त्यात नऊ माणसे बसली आहेत आणि दाराकडे बघत आहेत. बस्स. ज्याला परंपरा ठाऊक आहे त्याला लगेच कळते. परंपरेप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असले तर तोरा वाचता येत नाही, मृतांसाठी कद्दीश म्हणता येत नाही. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेव्हापासून इथल्या अनेक ठिकाणी दहावा माणूस हा रोजचा प्रश्न आहे.

इथे ऐक्याचा अर्थ बदलतो, तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. ऐक्य म्हणजे मतैक्य, असे आपण धरतो. मिन्यान मत विचारत नाही, हजेरी मोजते. ज्याच्याशी मागच्या महिन्यात भांडण झाले तोच आज दहावा असू शकतो, आणि तो आल्याशिवाय माझ्या वडिलांचे कद्दीश होणार नाही. म्हणजे भांडण मिटले नाही तरी चालेल, दार मात्र उघडे हवे. हे ऐक्य भावनेवर उभे नाही, गरजेवर आहे. म्हणूनच ते टिकाऊ असण्याची शक्यता जास्त.

कविता पाचव्या कडव्यावर संपली असती तर मागणी न उच्चारताही पुरी झाली असती. पुढची तीन कडवी देवाला उद्देशून आहेत. पाचवे मात्र सभागृहात बसलेल्यांना उद्देशून आहे, आणि पुढच्या शनिवारी कोण येणार, हे देवाला विचारून कळायचे नाही.