बेणारेबाईंचं गुपित फोडतं कोण?

मराठी मालिकांमध्ये पात्राचा भूतकाळ कसा येतो, हे आता प्रेक्षकांना पाठ झालं आहे. बासरी वाजते, पडदा पिवळसर होतो, लहानपणचं पात्र धावत येतं आणि दहा मिनिटांत सगळी जखम उघडी करून मोकळं होतं. रोजच्या मालिकेची यात अडचण समजते; कालचा भाग चुकलेल्या प्रेक्षकालाही सांभाळायचं असतं. पण अलीकडच्या नाटकांत आणि सिनेमांतही हाच सोपा रस्ता धरलेला दिसतो, तेव्हा विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुन्हा काढून वाचावंसं वाटतं. 1967 साली ते रंगमंचावर आलं. लीला बेणारे झाल्या होत्या सुलभा देशपांडे आणि दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं.

पहिल्या अंकातली बेणारे हसते, गाते, नाटकमंडळीतल्या सोबत्यांच्या नकला करते. शाळेत आपल्याविरुद्ध चौकशी चालू आहे, हेही ती गावातल्या नवख्या सामंतला सहज सांगून टाकते. खरं तर जखम तिथेच दिसते, पण ती इतक्या बेफिकिरीनं बोलते की आपण कान टवकारत नाही. मग रिकामा वेळ काढायला लुटुपुटूचा खटला सुरू होतो. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. सगळ्यांना हा पोरखेळच वाटत असतो.

खेळाचा रंग पालटतो तो सामंतच्या साक्षीत. हा भाबडा माणूस, हातातल्या कादंबरीतला मजकूर जुळवून साक्ष देतो आणि मंडळीतल्या गैरहजर प्राध्यापक दामल्यांच्या खोलीतला तिचा प्रसंग रंगवतो. मजकूर उसना, पण नेमका खऱ्या ठिकाणी लागतो. बेणारेचा चेहरा बदलतो आणि बाकीच्यांना वास लागतो. या खटल्यात जे जे कळतं ते तिच्या तोंडून कळतच नाही. सोबत्यांपैकी रोकडे तिला दामल्यांच्या घरी पाहिल्याचं सांगतो. पोंक्षे तिच्या पर्समधल्या टिक-20च्या बाटलीबद्दल आणि तिनं लग्नासाठी गळ घातल्याबद्दल बोलतो. कर्णिक थेट तिच्या किशोरवयापर्यंत, मामाच्या प्रकरणापर्यंत जातो. प्रत्येक साक्षीदार तिच्याबद्दल एक तुकडा देतो आणि त्याच वेळी स्वतः किती क्षुद्र आहे तेही दाखवतो. म्हणून तुकडे पडत असताना नाटक थांबत नाही. भूतकाळ इथे माहिती म्हणून येत नाही, तो हत्यार म्हणून येतो. दामले मात्र शेवटपर्यंत येत नाहीत.

दाराच्या कडीचंही शाळेतल्या चौकशीसारखंच. ती नीट लावली नाही तर दार बाहेरून अडकतं, हे सुरुवातीलाच सहज बोलण्यात येऊन जातं. पुढे बेणारे पळू पाहते तेव्हा दार उघडत नाही. तेंडुलकरांनी हे आधी पेरलं नसतं तर तो अडकलेला दरवाजा नाटककाराची लबाडी वाटला असता.

मग शेवटचं लांब स्वगत? ते तर एकहाती ओतलेला भूतकाळच आहे. मूळ संहितेत ते नव्हतं, दिग्दर्शकाच्या आग्रहावरून लिहिलं गेलं. तरी ते पेलतं, कारण त्यातल्या बहुतेक घटना तोवर आपल्याला कळलेल्या असतात. स्वगतात नवी घटना फारशी नाही, त्या घटनांचा तिनं लावलेला अर्थ तेवढा आहे.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त असं स्वगत नाही, आणि मला ते अधिक अवघड काम वाटतं. एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, म्हणजे आमच्या मानोरा तालुक्याच्या शेजारच्याच जिल्ह्यातले. आमच्या इंझोरी गावात कुणी आपलं जुनं दुःख उकलून बसत नाही. ते बाहेर पडतं वाटणीच्या, मानपानाच्या, तेरवीच्या खर्चाच्या भांडणात. एलकुंचवारांनी हेच ओळखलं. घरातल्या मुलीला, प्रभाला, शिकायला अमरावतीला जाऊ दिलं नाही, हे कुणी बसून सांगत नाही. वडील गेल्यावर घरात पैशाची गोष्ट निघते आणि ती खपली निघते. अंगणातला बंद पडलेला ट्रॅक्टर तर एक शब्द न बोलता घराचा इतिहास सांगतो.

भूतकाळ असा हळूहळू उघडण्याच्या पद्धतीतही फसवणूक होते. पात्राला जे क्षणोक्षणी आठवत असणार, ते लेखक फक्त प्रेक्षकाला चकवण्यासाठी दडवतो. ओळखायचं कसं? शेवट माहीत झाल्यावर पहिला अंक पुन्हा वाचावा. बेणारेचं हसणं, पोंक्षे आणि रोकडेला मारलेले टोमणे दुसऱ्या वाचनात जास्त बोचतात. धक्कातंत्राच्या नाटकात दुसऱ्या वाचनाला पहिला अंक पोकळ निघतो.

बेणारेचं स्वगत आता ऑडिशनला आणि एकपात्री स्पर्धांत सर्रास ऐकू येतं. मुली ते जीव तोडून म्हणतात, पण आधीचे साक्षीदार नसल्यानं सगळ्या घटना त्यांना एकट्यांनाच कळवाव्या लागतात. मग रडणं पहिल्याच वाक्यापासून सुरू होतं, आणि परीक्षकही त्यालाच गुण देतात.