तीस मिनिटांची खिडकी आणि महाडचा रस्ता

माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो. संध्याकाळी हिरकणीवाडीहून मोटारसायकलने महाडला जायचे, तिथल्या जिममध्ये तासभर वजने उचलायची आणि परत यायचे, असा त्याचा नेम. एकदा तो घरी आला तो तोंड पाडून. "काका, आजचा व्यायाम फुकट गेला. बाटली घरी राहिली." त्याच्याकडे दोन डबे आहेत, एक प्रथिनांचा आणि एक क्रिएटिनचा. दोन्हींवर एकच सूचना आहे: व्यायामानंतर तीस मिनिटांच्या आत घ्या. महाडहून घरी पोहोचायलाच पाऊण तास लागतो. म्हणजे डब्याच्या हिशेबाने आमच्या वाडीत कुणाचे स्नायू वाढणेच शक्य नाही! मी वैद्यकाचा पदवीधर नाही, पण छापील मजकूर तपासून वाचायची सवय आहे. म्हणून या वाक्याचे मूळ शोधायला बसलो.

तीस मिनिटांची ही खिडकी मुख्यतः दोन प्रकारच्या प्रयोगांवर उभी आहे. एक सायकलपटूंचा. दीर्घ श्रमानंतर लगेच साखर दिली तर स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा लवकर भरतो, दोन तास थांबले तर सावकाश भरतो. हे खरे आहे; पण ज्याला त्याच दिवशी पुन्हा शर्यत धावायची आहे, त्याच्यासाठी. दुसरा प्रयोग कोपनहेगनचा, 2001 सालचा. त्यात सत्तरीच्या पुढचे 13 वृद्ध होते. व्यायामानंतर लगेच 10 ग्रॅम प्रथिनांचे पेय घेणाऱ्यांचे स्नायू वाढले, दोन तासांनी घेणाऱ्यांचे जवळपास वाढलेच नाहीत. मला इथेच शंका आली. बारा आठवडे वजने उचलूनही ज्यांचे काहीच वाढत नाही, त्या गटाकडेच आधी संशयाने पाहायला हवे. आणि तेरा म्हाताऱ्यांवरून बावीस वर्षांच्या पोराला घड्याळ लावून द्यायचे?

2013 मध्ये शोनफेल्ड, अॅरागॉन आणि क्रिगर यांनी असे 23 प्रयोग एकत्र मांडले. वरवर पाहता लगेच घेणाऱ्यांना थोडा फायदा दिसला. पण अनेक प्रयोगांत लगेच घेणाऱ्या गटाला दिवसभरात एकूण प्रथिनेच जास्त मिळाली होती. तो फरक हिशेबात धरल्यावर वेळेचा फायदा नाहीसा झाला. व्यायामानंतर स्नायू घडण्याचा वाढलेला वेग चोवीस तास तरी टिकतो, त्यामुळे खिडकी असलीच तर ती मोठ्या दरवाजाएवढी आहे. पहाटे उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्याने नंतर फार ताटकळू नये, इतके मी मान्य करतो. पुतण्या मात्र दुपारी जेवून आणि चारला दूध पिऊन निघतो.

आमचे घर माळकरी. पुतण्याचे वजन 60 किलो. वजने उचलणाऱ्याला किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने पुरतात, असे आजवरच्या अभ्यासांवरून दिसते. म्हणजे त्याला रोज 96 ग्रॅम. आम्ही त्याचे ताट मोजले. भाकरी, वरण, दूध मिळून जेमतेम पन्नास भरले. खरी तूट इथे होती आणि पोरगा मिनिटे मोजत होता. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंचवीसेक ग्रॅम मिळतात, मूठभर शेंगदाण्यांत आणखी काही.

क्रिएटिनची गोष्ट वेगळी आहे, कारण ते खरोखर काम करते. काही सेकंदांच्या जोरकस हालचालीत स्नायूची शक्ती पुन्हा भरून देणारा तो साठा. तो मांस-मासळीतून मिळतो आणि काही अंशी शरीर स्वतः बनवते. म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत तो कमी असतो आणि बाहेरून घेतल्यावर वाढायला जागा जास्त असते. 1996 च्या एका स्वीडिश प्रयोगात रोज 20 ग्रॅम सहा दिवस घेऊन जेवढा साठा भरला, तेवढाच रोज 3 ग्रॅम घेऊन महिनाभरात भरला. जो साठा भरायला महिना लागतो, त्याला तीस मिनिटांची घाई कसली? सकाळच्या दुधात घातले तरी तेच. डब्यावरची 'आधी भरणी करा' ही सूचना डबा लवकर संपवते, एवढे नक्की.

फायदाही मर्यादितच आहे. भरतीत गोळाफेक, 100 मीटर आणि 1600 मीटर धावणे असते. वजनांच्या सरावात एखादी आवृत्ती जास्त निघाली तर गोळ्याला हळूहळू उपयोग होईल. 1600 मीटरला फारशी मदत नाही. उलट स्नायूंत पाणी साठून किलोभर वजन वाढू शकते आणि ते घेऊन धावायचे असते. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसलेली वाढ पुतण्याने मांस समजून मला कौतुकाने दाखवली होती. ते पाणी होते.

रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते, कारण क्रिएटिनचे विघटन होऊन तेच बनते. निरोगी माणसात तेवढ्यावरून मूत्रपिंड बिघडले असे ठरत नाही; डॉक्टरांना पावडर घेत असल्याचे आधी सांगावे, म्हणजे ते हवी तर दुसरी चाचणी करतील. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र विचारल्याशिवाय घेऊच नये. पुतण्याचा क्रिएटिनचा डबा आता स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याशेजारी असतो. प्रथिनांचा संपला, तो पुन्हा आणला नाही.