शंका असल्यास

बँकेच्या पत्रांची वाङ्मयीन समीक्षा अजून कुणी केलेली नाही, म्हणून मीच करतो. परवा आमच्या पेन्शनरांना गेलेले पत्र घ्या. सुरुवात झकास, मध्ये दोन परिपत्रकांचे क्रमांक आणि शेवट काय, तर ‘काही शंका असल्यास निःसंकोच संपर्क साधावा.’ अहो, काय करायचे तेच ज्याला कळले नाही, त्याला शंका तरी कसली येणार? एक आजोबा ते पत्र घेऊन माझ्या काउंटरवर आले. “शंका काही नाही हो, आलोय आपला!” आधार कार्ड घरी, पीपीओ नंबर घरी. माणूस मात्र हयात, समोर उभा! पण नोव्हेंबरात दाखला आला नाही, तर डिसेंबरात पेन्शन अडकते.

मी साहेबांना शेवटची ओळ बदलून दिली : ‘30 नोव्हेंबरपर्यंत आधार कार्ड व पीपीओ नंबर घेऊन खिडकी क्र. 3 वर यावे, हयातीच्या दाखल्यावर आमच्यासमोर सही करून पोच घ्यावी. अंथरुणाला खिळलेले असाल, तर घरच्यांनी आधी कळवावे, आम्ही घरी येऊ.’

साहेबांनी दोनदा वाचली. म्हणाले, “छान! फक्त खाली ते ‘शंका असल्यास’ तेवढं टाका.”