बोलीचे सोंग आणि बोलीचे पात्र

ग्रामीण नाटकातील बोली हास्यास्पद का होते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा बोलीच्या उच्चारांत शोधले जाते. वस्तुतः ते नाटकातील भाषेच्या वाटणीत शोधावयास हवे. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक व दासी प्राकृत बोलतात. आपल्या व्यावसायिक रंगभूमीनेही हीच वाटणी निराळ्या वेषात चालविली. नायक-नायिका ग्रंथातील भाषा बोलावयाची आणि गडी, मोलकरीण किंवा खेड्यातून आलेला पाहुणा यांनी तेवढी गावाकडची बोलावयाची. एकाच दृश्यात प्रमाण भाषा उभी असली की बोली तिच्या मोजपट्टीने मोजली जाते, आणि प्रत्येक वेगळे रूप प्रेक्षकाच्या कानाला चूक म्हणून जाणवते. हसे होते ते या चुकीचे. पात्र काय बोलले हे तोवर कोणी ऐकलेलेच नसते.

ही वाटणी मोडण्याचा एक लक्षणीय प्रयोग बेंगळुरात झाला. चंद्रशेखर कंबार यांचे ‘जोकुमारस्वामी’ हे कन्नड नाटक 1972 साली ब. व. कारंत यांच्या दिग्दर्शनाखाली तेथे रंगभूमीवर आले. कंबारांचा जन्म 1937 सालचा, बेळगाव जिल्ह्याच्या हुक्केरी तालुक्यातील घोडगेरी या गावचा. कोल्हापूरहून हा मुलूख फार दूर नाही. शालेय पुस्तकांतील कन्नडचे रूप मुख्यत्वे जुन्या म्हैसूर प्रांताच्या बोलण्यावर उभे राहिलेले. त्यामुळे राजधानीच्या कानाला उत्तरेकडची बोली रांगडी वाटे. धारवाडच्या बोलीला कवितेत मान बेंद्रे यांनी आधीच मिळवून दिला होता. परंतु कवितेत बोलणारा एक असतो, नाटकात ते अनेक असतात, आणि त्यांतील प्रत्येकाला वेगळे माणूस म्हणून उभे करावे लागते.

नाटकाचा विषय जमिनीचा आहे. भाद्रपदात स्त्रिया जोकुमाराची मातीची मूर्ती टोपलीत ठेवून दारोदार नेतात. या सुफलनाच्या लोकविधीवर कथानक रचलेले आहे. बंदूक बाळगणारा, जमिनी बळकावणारा, पण पुरुषत्वहीन असा गौड. मुलासाठी आसुसलेली त्याची बायको. आणि आपली जमीन न सोडणारा बसण्णा. विधीतील पडवळाची भाजी गौडाऐवजी बसण्णाच्या पोटात जाते, गौडतीला त्याच्यापासून दिवस जातात आणि शेवटी बसण्णा मारला जातो. ही गोष्ट बोलीत सांगताना कंबारांनी घेतलेला पहिला निर्णय असा की गौडाला प्रमाण भाषा द्यावयाची नाही. मालक आणि कूळ एकाच मुलखाची भाषा बोलतात. मोजपट्टीच रंगमंचावर नसल्यामुळे बोली ही चूक उरत नाही. ती त्या जगाची भाषा होते. बेंगळूरच्या प्रेक्षकाला दोन घटका आपले कान बदलून घ्यावे लागतात, एवढेच.

परंतु सर्वांनाच एक बोली दिली तर माणसे वेगळी कशी ओळखावयाची? येथेच पुष्कळ ग्रामीण नाटके अडखळतात. म्हातारा, पोरगा, पाटील आणि पाटलीण सारखेच ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ म्हणू लागतात. वस्तुतः बोलीजवळ भेद दाखविण्याची साधने भरपूर असतात, आणि त्यांतील सर्वांत समर्थ साधन संबोधनाचे. उत्तर कर्नाटकात आदराचा ‘री’ बोलण्याच्या शेवटी लागतो. ‘हौद’ म्हणजे होय, तर वडीलधाऱ्याला ‘हौदरी’. धन्यासमोर कुळाने हा ‘री’ गाळला की एका अक्षरात बंड ऐकू येते. मराठीतही असेच आहे. ‘मालक’, ‘पाटील’, ‘तुमी’ आणि ‘तू’ अशा पायऱ्या उतरत जाणारे पात्र एकही कठोर शब्द न उच्चारता दृश्य पुढे नेऊ शकते. हे भेद लिपीतील मोडतोडीने साधत नाहीत. कोण कोणाशी आणि कोणासमोर बोलत आहे याच्या जाणिवेने साधतात.

लिपीतील मोडतोडीचा प्रश्न एका वाक्यावर तपासून पाहता येईल. पाऊस न झालेल्या वर्षी कूळ खंडाविषयी बोलत आहे असे समजू. एक नाटककार लिहील : ‘मालऽक, औंदा पानी न्हाय पडलं बगा, आन् म्या खंड कुटनं द्येऊ वो?’ या ओळीत जवळजवळ प्रत्येक शब्द बोलीची खूण घेऊन उभा आहे. वाचताना डोळा ‘पानी’वर आणि ‘द्येऊ’वर अडतो, नट ‘मालऽक’मधील लांबवलेला स्वर पाहून हेल काढू लागतो. कुळाची अडचण मात्र मागे राहते. आता हीच ओळ अशी लिहावी : ‘मालक, औंदा पाऊस नाही. खंड आणू कुठनं?’ खुणा दोनच उरल्या. ‘औंदा’ हा त्या मुलखाचा शब्द आहे आणि ‘कुठनं’ हे त्या बोलीचे विभक्तिरूप आहे. दोन्ही उच्चाराच्या नव्हेत, व्याकरणाच्या व शब्दसंग्रहाच्या खुणा आहेत. क्रियापद आधी आणि प्रश्न शेवटी आल्यामुळे वाक्याला बोलण्याचा तोल मिळाला. ‘ण’चा ‘न’ करावयाचा की नाही हे नटाच्या जिभेवर सोडले. नट त्या मुलखाचा असेल तर तो तसे म्हणेलच. नसेल तर छापील ‘पानी’ने तो गावकरी होणार नाही, गावकऱ्याची नक्कल करील.

अर्थात नाटकात विनोद नको असा याचा अर्थ नव्हे. ‘जोकुमारस्वामी’त बयलाटाचा मोकळा, प्रसंगी अश्लीलतेच्या कडेने जाणारा विनोद आहे. भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे. विनोदी संवाद प्रमाण भाषेत लिहून पाहावा. तरीही हसू शिल्लक राहिले तर ते प्रसंगाचे व माणसाचे होते. ते पूर्ण नाहीसे झाले तर ते केवळ उच्चाराचे होते आणि ओळ टाकून द्यावी. बंदूकधारी गौडाची धास्ती कोणत्याही भाषेत हास्यास्पदच राहते, कारण तिचे मूळ त्याच्या सत्तेत आणि दुबळेपणात आहे. दुसरी कसोटी पात्रांची नावे झाकून संवाद वाचण्याची. कोण बोलत आहे हे कळेनासे झाले तर बोलीने स्वभावाची जागा बळकावली आहे असे समजावे.

या मार्गाला मर्यादाही आहेत. परमुलखातील प्रेक्षकाला सारे शब्द कळणार नाहीत. म्हणून अनोळखी शब्द कृतीच्या आधाराने यावा लागतो. ‘पडवळ’ या शब्दाचा विधीतील अर्थ न जाणणाऱ्यालाही तो गौडतीच्या हालचालींवरून समजतो. दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. बोलीचे नाटक शहरात गाजले की बोली हीच शोभेची वस्तू होऊ शकते. मग म्हणींची रास पडते, प्रत्येक पात्र रांगड्या शहाणपणाने बोलते, आणि जुन्या विदूषकाच्या जागी एक नवा, अधिक आदरणीय असा साचा उभा राहतो. गावकऱ्याला हसणे आणि गावकऱ्याला भाबडेपणाने पूजणे या दोन्हींत त्याचे माणूसपण सारखेच हरवते.

मराठीला या वाटेचा प्रारंभ परका नाही. जोतीराव फुले यांनी 1855 सालीच ‘तृतीय रत्न’ या नाटकात कुणबी आणि त्याची बायको यांना जोशाच्या समोर बोलते केले, आणि फसवला जाणारा माणूस हा विनोदाचा नव्हे तर प्रश्नाचा विषय केला. त्या कुणब्याची गाऱ्हाणी त्याच्याच तोंडून ऐकू येतात, हे त्या लेखनाचे बळ आहे. बोलीला रंगभूमीवर आणताना नाटककाराने स्वतःला विचारावयाचा प्रश्न हाच : हे पात्र आपल्या कामासाठी बोलत आहे की प्रेक्षकाच्या करमणुकीसाठी? पहिले असेल तर अशुद्ध वाटणारे रूपही शुद्ध होते.