उच्चारित रकमा आणि लिखित अंक : दूरध्वनी-संभाषणाच्या गोषवाऱ्यातील एक प्रश्न

दूरध्वनीवरील व्यावहारिक संभाषणाचा गोषवारा तयार करताना, तो लेखनिक करो वा संगणक-प्रणाली, एक नियम सर्रास पाळला जातो : बोललेली प्रत्येक रक्कम अंकांत लिहावी आणि सर्व अंक एकाच पद्धतीचे असावेत. नियम वाजवी आहे. एका ओळीत ‘अडीच लाख’, दुसरीत ‘२.२५ लाख’ आणि तिसरीत ‘२,४०,०००’ असे आढळले, तर वाचकाला तुलना करता येत नाही. परंतु हा नियम ज्या रीतीने राबविला जातो तीत दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. अंकांचे रूप एक करणे ही एक गोष्ट, आणि त्या अंकांमागील निश्चिती एक करणे ही अगदी दुसरी. पहिली गोष्ट आवश्यक आहे. दुसरी गोषवाऱ्याला खोटे पाडते.

प्रथम मूल्यनिश्चितीचा विचार करू. मराठीतील अपूर्णांकवाचक शब्द संख्येला नव्हे, तर तिच्या पुढे येणाऱ्या परिमाणाला लागतात. ‘साडेतीनशे’ यातील ‘साडे’ म्हणजे शंभराचा अर्धा, ‘साडेतीन लाख’ यात लाखाचा अर्धा. ‘सव्वाशे’ म्हणजे १२५, ‘सव्वा लाख’ म्हणजे १,२५,०००. दोन्हींत ‘एक’ अध्याहृत आहे. सव्वा (सपाद) आणि साडे (सार्ध) हे भर घालणारे शब्द आहेत, तर पावणे (पादोन) हा उणे करणारा. म्हणून ‘पावणेतीन लाख’ म्हणजे २,७५,०००. येथे बेरीज केली की ३,७५,००० होतात आणि एका लाखाची चूक पडते. ‘अडीच’ची व्युत्पत्तीही लक्षणीय आहे. संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे ‘तिसरा अर्धा’, यापासून प्राकृताच्या मार्गाने तो आला. पावकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केलेल्या पिढीला हे गणित जिभेवर होते. ज्यांनी ती पाठ केली नाहीत त्यांच्यासाठी ते नियमाने सांगावे लागते.

मात्र चतुर्थांशांच्या या शब्दांची पोच पाव, अर्धा आणि पाऊण एवढीच आहे. दोन लाख चाळीस हजारांसाठी असा एकही शब्द नाही. तेथे बोलणारा दोन संख्या शेजारी ठेवतो आणि म्हणतो, ‘दोन-चाळीस’. यात लाख व हजार दोन्ही गाळलेले असून दुसरी संख्या खालच्या परिमाणाची समजायची असते. नेमके याच बाह्यरूपाचे ‘दोन-अडीच’ हे मात्र संख्यांचे संयोजन नसून अंदाज आहे : दोन ते अडीच. उच्चारात दोहोंचा साचा सारखाच. अर्थ पूर्णतः वेगळा.

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून नमुन्यादाखल रचलेले एक संभाषण घेऊ. घरदुरुस्तीसंबंधी कंत्राटदार आणि घरमालक बोलत आहेत.

‘साहेब, अडीच लाख होतील. पंधरा टक्के आगाऊ द्या.’
‘अडीच जास्त होतात. सव्वादोन करा.’
‘सव्वादोनला परवडत नाही हो. दोन-चाळीस धरा. वाहतुकीचे दोन-अडीच हजार वेगळे.’
‘बरं, दोन-चाळीस. पण आगाऊ पंधराच, नंतर वीस म्हणू नका.’

याचा सामान्यतः मिळणारा गोषवारा असा असतो : ‘एकूण खर्च २.५ लाख. वाहतूक २,२५०. आगाऊ १५% म्हणजे ३७,५००.’ अंकांची मांडणी नीटनेटकी आहे, तरी तीनही विधाने सदोष आहेत. पहिल्यात प्रस्तावित रक्कम ठरलेली म्हणून नोंदली गेली. दुसऱ्यात अंदाजाची सरासरी काढून निश्चित आकडा केला. ‘सव्वादोन हजार’ हे वाहतुकीबद्दल कोणीही म्हटलेले नाही. तिसऱ्यात टक्केवारीचा हिशेब जुन्या रकमेवर केला. ठरलेल्या २,४०,००० वर पंधरा टक्के म्हणजे ३६,००० होतात. पंधराशे रुपयांचा हा फरक पहिला हप्ता देतानाच वादाला कारण होईल, आणि दोघेही पुरावा म्हणून तोच गोषवारा पुढे करतील.

योग्य नोंद अशी : ‘कंत्राटदाराची मागणी २,५०,०००, मालकाचा देकार २,२५,०००, ठरलेली रक्कम २,४०,०००. वाहतूक वेगळी, अंदाजे २,००० ते २,५००. आगाऊ १५% (कोणत्या रकमेवर, हे स्पष्ट झाले नाही, २,४०,००० धरल्यास ३६,०००).’ येथे सर्व रकमा पूर्ण अंकांत आहेत आणि स्वल्पविराम भारतीय पद्धतीने दिले आहेत. ‘२.२५ लाख’ आणि ‘२.४ लाख’ अशी दशांश रूपे टाळली आहेत, कारण घाईत वाचणाऱ्याला पंचवीस हे चारापेक्षा मोठे वाटतात. अंदाज अंदाजाच्याच रूपात राहिला आहे. ‘पंधराच’ या शब्दातील गाळलेला ‘टक्के’ भरून काढला आहे, पण न बोललेला पाया बोललेला म्हणून घातलेला नाही. काढलेली रक्कम काढलेली म्हणूनच दाखविली आहे.

टक्केवारीत न बोललेला पाया हीच मुख्य अडचण असते, आणि व्याजाच्या बोलण्यात तिला कालावधीची जोड मिळते. खाजगी उसनवारीत ‘दोन टक्क्यांनी पैसे घेतले’ याचा अर्थ पुष्कळदा दरमहा शेकडा दोन, म्हणजे सरळव्याजाने वर्षाला चोवीस असा असतो. बँकेच्या संदर्भात तेच शब्द वार्षिक दर सांगतात. गोषवाऱ्यात नुसते ‘२%’ लिहिणे अंकदृष्ट्या बिनचूक आणि अर्थदृष्ट्या अपुरे होय. कालावधी बोलला गेला नसेल, तर तो बोलला गेला नाही असे लिहिणे हीच अचूकता.

गोषवारा तपासण्याची एक साधी कसोटी सुचविता येईल. लिहिलेला प्रत्येक अंक मराठीत मोठ्याने वाचावा आणि संभाषणात त्याला जबाब देणारा उच्चार कोठे आहे ते दाखवावे. २,४०,००० ला ‘दोन-चाळीस’ मिळते. २,२५० ला काहीच मिळत नाही, आणि दोष तेथेच उघड होतो. तथापि या कसोटीलाही मर्यादा आहेत. ‘सात हजार’ आणि ‘साठ हजार’ यांतील अस्पष्ट ऐकलेला ‘ठ’ ती पकडू शकत नाही, कारण चुकीच्या श्रवणालाही जुळणारा उच्चार सापडतोच. तेथे आसपासच्या रकमांशी ताळा पाहावा लागतो. तसेच ‘पाच-पन्नास’ हे ‘थोडेबहुत’ या अर्थी रूढ असूनही किमतीच्या बोलण्यात ५,५०,००० ठरू शकते. तितक्या रकमेसाठी ‘साडेपाच’ हा सोपा शब्द उपलब्ध असल्याने पहिला अर्थ अधिक संभवतो इतकेच म्हणता येईल. निर्णय मागील वाक्यच देते.

अपूर्णांकांचे शब्द नियमबद्ध आहेत आणि त्यांचे अंकांतर कोणालाही शिकविता येते. अंदाज, देकार आणि करार यांतील भेद मात्र ‘दोन-अडीच’मधील जोडणीत, ‘धरा’ या क्रियापदात आणि ‘बरं’ या होकारात असतो. रक्कम अंकांत गेली की हे शब्द गळून पडतात. म्हणून अंकाशेजारी ‘मागणी’, ‘देकार’, ‘ठरलेली’, ‘अंदाजे’ यांपैकी एक शब्द लिहिणे हा एकरूपतेचा भंग नव्हे. बोललेल्या रकमेचा तेवढाच भाग अंकांत मावत नाही.